तीनतालाची तिगुन: समेवर येते तेव्हा हात तिसऱ्या मात्रेवर असतो!

सायली_क

नमस्कार मंडळी. मी गाणं शिकते, तबला येत नाही. परीक्षेसाठी तीनतालाचा ठेका हातावर टाळी-खाली दाखवत एकपट, दुगुन, तिगुन आणि चौगुन म्हणायचा आहे. दुगुन छान जमते. चौगुनही संथ लयीत जमते, याचंच मला नवल वाटतं. अडते फक्त तिगुन.

एका आवर्तनात ठेका तीनदा बसायला हवा, म्हणून मी समेपासून सुरू करते आणि तोंडाने बरोबर तीन फेऱ्या म्हणते. बोल कुठेही गाळत नाही, हे रेकॉर्डिंग ऐकून तपासलं आहे. पण तिसरी फेरी संपवून समेचा 'धा' म्हणते तेव्हा हात पुढच्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर पोचलेला असतो. दर वेळी तिसऱ्याच, दुसऱ्या किंवा चौथ्या नाही. बाई म्हणतात, "हात पळतोय." मला तो पळताना जाणवत नाही. नेमकं कुठे चुकत असेल?

पेटीवाला

सायली, लय थोडी वाढवून बघ. मी साथ करताना पाहिलंय, मध्यलय जरा चढवली की बोल आपोआप दुप्पट-तिप्पट वाटायला लागतात. ६० वर अडत असेल तर ९०-१०० वर घे, हात मोकळा होईल.

रानवारा

पेटीवाले दादा, तुम्ही सांगताय ते लय वाढवणं झालं. त्यात हातही वेगात जातो आणि बोलही, म्हणजे एका मात्रेत बोल एकच राहतो. सायलीचा प्रश्न वेगळा आहे. हात आहे तिथेच ठेवून एका मात्रेत तीन बोल बसवायचे आहेत. लय १०० केली तर तिला मिनिटाला ३०० बोल म्हणावे लागतील.

पेटीवाला

हो, बरोबर, मी प्रश्न द्रुत लयीचा समजलो. लेहरा धरताना आमच्या कानावर सगळं एकत्रच येतं. वाचतोय.

अमोघ_त

सायलीताई, तीन फेऱ्यांच्या भानगडीत पडूच नका. परीक्षेत एकदाच तिगुन म्हटली तरी चालते. सोळा भागिले तीन म्हणजे साधारण पाच, म्हणून अकराव्या मात्रेपासून सुरू करायचं. पाच मात्रांत पंधरा बोल होतात, उरलेला शेवटचा 'धा' जरा ओढला की समेवर येता. माझं तरी असंच बसतं.

विश्राम

तबला शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

अमोघ, अकरावी मात्रा तुम्ही बरोबर पकडलीत, पण त्या मात्रेतली जागा चुकली. सोळा बोलांना पाच मात्रा आणि वर एक तृतीयांश मात्रा लागते. अकराव्या मात्रेच्या सुरुवातीला 'धा' घेतलात तर ठेका सोळाव्या मात्रेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच संपतो आणि समेला अजून दोन हिस्से बाकी असतात. तुम्ही 'धा' ओढून तेच दोन हिस्से भरता. कानाला सम गाठल्यासारखी वाटते, पण तो शेवटचा बोल तिगुनीत नसतो, एकपटीचा झालेला असतो. अकराव्या मात्रेचे पहिले दोन हिस्से रिकामे सोडून तिसऱ्या हिश्श्यावर 'धा' घ्या. मग काहीही ओढावं लागत नाही:

११: ऽऽधा
१२: धिंधिंधा
१३: धाधिंधिं
१४: धाधातिं
१५: तिंताता
१६: धिंधिंधा, आणि सम.

आता सायलीचा प्रश्न. "दर वेळी तिसऱ्याच मात्रेवर" हे तुम्ही नोंदवलंत ते फार उपयोगी आहे, कारण त्यावरूनच चूक कुठे होते ते कळतं. दुगुनीत सोळा बोल आठ मात्रांत संपतात आणि नवी फेरी नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, सुरू होते. चौगुनीत ती पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेवर येते. दोन्हीत ठेक्याचा पहिला 'धा' नेहमी हाताच्या ठोक्यावरच पडतो. त्यामुळे "नवी फेरी म्हणजे नवा ठोका" अशी सवय लागते. तिगुनीत ही सवय नडते, कारण पहिली फेरी सहाव्या मात्रेच्या पहिल्या बोलावर संपते आणि दुसऱ्या फेरीचा 'धा' त्याच मात्रेच्या दुसऱ्या हिश्श्यावर येतो. तिथे हाताला काहीही करायचं नसतं. तुम्ही बहुधा त्या 'धा'ला सातवा ठोका देऊन मोकळ्या होता.

तसं झालं तर हिशोब असा लागतो. तुमची प्रत्येक फेरी हाताचे सहा ठोके खाते, खरी गरज सव्वापाचाच्या जरा वर असताना. तीन फेऱ्यांचे अठरा ठोके होतात आणि सम एकोणिसाव्या ठोक्यावर येते. एकोणिसावा ठोका म्हणजे पुढच्या आवर्तनाची तिसरी मात्रा.

सायली_क

विश्रामसर, वाचून लगेच सहाव्या मात्रेपाशी थांबून पाहिलं. तिथेच होतंय! पण एक शंका. बाई म्हणतात हात पळतो. मला वाटतं हात ठीक आहे आणि तोंडच थांबत असेल. हे ओळखायचं कसं?

विश्राम

दोन्ही शक्य आहे आणि दोन्हीचा शेवट तिसऱ्याच मात्रेवर होतो, म्हणून नुसत्या शेवटावरून कळत नाही. मेट्रोनोम ६० वर लावा आणि म्हणा. शेवटपर्यंत हात मेट्रोनोमबरोबर राहिला आणि तोंड मागे पडलं, तर फेरी संपल्यावर तुम्ही 'धा' लांबवून पुढच्या ठोक्याची वाट पाहताय. सहाव्या मात्रेपाशी हातच मेट्रोनोमच्या आधी पडला, तर हात पळतोय. म्हणताना लक्ष बोलांवर असतं, त्यामुळे रेकॉर्डिंग करून नंतर ऐका. मेट्रोनोमचा टिक आणि टाळी वेगळे ऐकू येतात का, एवढंच तपासायचं.

घुंगरू

माझं दुखणं याच जातीचं आहे, म्हणून इथेच लिहिते. मी कथक शिकते. ततकाराच्या तिगुनीत माझे पाय अडकतात. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् हे उजवा-डावा-उजवा-डावा, डावा-उजवा-डावा-उजवा असं. दुगुनीत हाताच्या टाळीबरोबर कुठला पाय पडणार ते अंगात बसलंय. तिगुनीत तिसऱ्या मात्रेपासून पाय आणि टाळी यांचा काहीच मेळ लागत नाही.

विश्राम

घुंगरूताई, मेळ आहे, पण तो आठ मात्रांनी पूर्ण होतो. आठ मात्रांत चोवीस पावलं, म्हणजे ततकाराच्या तीन फेऱ्या. मात्रेच्या पहिल्या हिश्श्यावर कुठला पाय येतो तेवढं लिहून काढलं तर असं दिसतं: पहिल्या मात्रेला उजवा, मग सलग चार मात्रा डावा, मग सलग तीन मात्रा उजवा. नवव्या मात्रेला पुन्हा उजवा. चार डाव्यांच्या पट्ट्यात शरीराला वाटतं की पाय चुकला, आणि आपण मधेच एक पाऊल गाळून उजवा आणतो. तुमचं तिसऱ्या-चौथ्या मात्रेला बिनसतं ते बहुधा यामुळेच. आधी बसून तोंडाने पढंत करा आणि मात्रेच्या पहिल्या बोलाला फक्त त्या त्या पायाचा अंगठा दाबा.

घुंगरू

सलग चार डावे! अगदी, मी चौथ्या मात्रेलाच पाय बदलते. उद्या रियाजात बघते.

नादखुळा

विश्रामसरांनी सहाव्या मात्रेचं सांगितलं ते पटलं. त्याच्या जोडीला तीनतालाच्या तिगुनीत एक फार सोयीची गोष्ट आहे, ती सायलीला उपयोगी पडेल. हाताच्या प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला तोंडातही कुठल्या तरी खंडाचीच सुरुवात असते. चार मात्रांत बारा बोल होतात, म्हणजे ठेक्याचे नेमके तीन खंड. म्हणून:

समेवर तोंडात पहिला खंड: धा धिं धिं धा.
पाचव्या मात्रेवर तोंडात शेवटचा खंड: ता धिं धिं धा.
नवव्यावर, म्हणजे खालीवर, तोंडातही खालीचाच खंड: धा तिं तिं ता.
तेराव्यावर तोंडात दुसरा खंड: धा धिं धिं धा.

हात पहिला-दुसरा-तिसरा-चौथा असा जातो आणि तोंड पहिला-चौथा-तिसरा-दुसरा असं. खालीवर दोघांची गाठ पडते. मी तिगुन तपासतो ती या चार जागांवर. सहावी मात्रा चुकली की नवव्या मात्रेला हात खालीवर जातो तेव्हा तोंडात 'धा तिं तिं ता' सुरू होत नाही. म्हणजे समेपर्यंत वाट न बघता आवर्तनाच्या मध्यावरच चूक सापडते.

आणखी एक. चौथ्या मात्रेला तुमच्या तोंडात 'तिंतिंता' असतं आणि हात अजून पहिल्याच खंडात असतो. कानाला खाली ऐकू येते आणि हाताला खाली दाखवायचा मोह होतो. नवशिक्यांचे हात तिथे हमखास उलटे होतात. त्या मात्रेला हाताकडे बघत म्हणा.

सायली_क

हे चार टप्पे लिहून ठेवले. पाचव्या मात्रेला 'ता' येतो हे तर मला ठाऊकच नव्हतं, मी नुसती पुढे रेटत होते.

विश्राम

नादखुळा, छान मांडलंत. मी शिकवताना हेच चार टप्पे घेतो, पण हात आणि तोंड असं उलट्या क्रमात कधी सांगितलं नव्हतं.

सायली, पूर्ण आवर्तन म्हणू नका. काही दिवस फक्त पाचवी ते नववी मात्रा घ्या:

५: ताधिंधिं
६: धाधाधिं
७: धिंधाधा
८: धिंधिंधा
९: धातिंतिं

सहाव्या मात्रेत दोन 'धा' शेजारी येतात. पहिला जुन्या फेरीचा शेवट, दुसरा नव्या फेरीची सुरुवात. ठोका पहिल्यावर, दुसऱ्यावर हात स्थिर. पाचव्याला 'ता' आणि नवव्याला खालीचा 'धा' ठोक्यावर आले की मधलं बरोबर आहे असं समजा. हे बसलं की दहावी ते बारावी: ताताधिं, धिंधाधा, धिंधिंधा. इथे तिसरी फेरी अकराव्या मात्रेच्या शेवटच्या हिश्श्यावर सुरू होते. अमोघना मी वर जी जागा सांगितली तीच ही. म्हणजे पहिली फेरी मात्रेच्या पहिल्या हिश्श्यावर, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या हिश्श्यावर, आणि चौथीच्या जागी सम.

अमोघ_त

म्हणजे एकदाची तिगुन ही तीन फेऱ्यांमधली शेवटची फेरीच आहे! मी ती वेगळं पाठांतर म्हणून करत होतो. अकराव्या मात्रेला 'ऽऽधा' म्हणायला फार अवघड जातंय. रिकाम्या दोन हिश्श्यांत काय करायचं?

विश्राम

सुरुवातीला ते हिस्से मनात 'धिंधा' असे भरा, कारण तीन फेऱ्या म्हणताना तिथे तेच बोल असतात. आधी दहावी मात्रा 'ताताधिं' मोठ्याने म्हणून अकरावीत शिरा, मग दहावी मनातल्या मनात घ्या. हवेत सुरुवात करायला जाल तर 'धा' अर्ध्या मात्रेवर पडेल.

वसुधा

उशिरा आले. मी गाण्याच्या विद्यार्थिनींना शिकवते. एक भर घालते. तीन बोल समान अंतरावर पडतात का, हेही तपासायला हवं. चौगुन जमते आणि तिगुन अडते म्हटलंत, तेव्हा मला ही शंका आली. चौगुनीचा सराव असलेली जीभ 'धाधिंधिं' म्हणताना पहिला 'धा' अर्धी मात्रा धरते आणि उरलेल्या अर्ध्यात दोन 'धिं' बसवते. ठोके बरोबर पडतात, सम येते, पण आत चौगुनीची चाल असते. ओळखायची खूण: मेट्रोनोम १८० वर ठेवा आणि प्रत्येक टिकला एक बोल म्हणा, हाताचा ठोका दर तिसऱ्या टिकला. मग मेट्रोनोम ६० वर आणा आणि मधले टिक गेल्यावरही बोल तसेच राहतात का ते ऐका.

आणि ठोक्यावरच्या बोलाला किंचित वजन द्या. धाधिंधिं, धाधाधिं, धिंधाधा, प्रत्येक पहिल्या अक्षरावर. त्याने हात आणि तोंड बांधले जातात.

नादखुळा

वसुधाताई, समान अंतराचं शंभर टक्के खरं. पण वजनाबद्दल माझं मत वेगळं आहे. दर तिसऱ्या बोलावर वजन दिलं की तीनताल ऐकू येत नाही, दादऱ्यासारखी चाल ऐकू येते. वजन ठेक्याच्या स्वतःच्या जागी, म्हणजे दर चौथ्या बोलावर असायला हवं, आणि हात त्याला छेद देत चालायला हवा. लयकारीतली मजा त्या छेदात आहे. तबल्यावर तिगुन वाजवतानाही डग्ग्याची घुमक ठेक्याच्या जागेवरच हवी.

वसुधा

वाजवणाऱ्याला ते जमतं, कारण त्याच्या हातातच बोल असतात. गाणाऱ्या मुलीचा हात टाळी देण्यात अडकलेला असतो. तिने चारचारावर वजन दिलं की हात त्या वजनाच्या मागे ओढला जातो. सायलीचं नेमकं तेच झालंय असं मला वाटतं. पहिल्या टप्प्यात तरी वजन ठोक्यावरच हवं.

नादखुळा

पहिल्या टप्प्यात दिलेलं वजन नंतर काढणं फार जड जातं, हा माझा अनुभव. मी सपाट म्हणायला लावतो. कुठेच वजन नाही.

विश्राम

मी दोन्ही करून घेतो. पण आधी कोणतं घ्यावं याचं माझ्याकडे एकच उत्तर नाही, विद्यार्थी बघून ठरवतो. ज्याचा हात डळमळतो त्याला ठोक्यावर वजन देतो, ज्याची जीभ सैल असते त्याला सपाट म्हणायला लावतो.

रानवारा

एक विचारू? एकतालात तिगुन सोपी म्हणतात, कारण बाराला तीनने भाग जातो आणि ती नवव्या मात्रेवर ठोक्यालाच सुरू होते. पण माझी जीभ 'तिरकिट'पाशी घसरते.

विश्राम

गणित सोपं, उच्चार कठीण. 'तिरकिट' हा एका मात्रेचा बोल आहे, तिगुनीत त्याला एक तृतीयांश मात्रा मिळते आणि त्यात चार अक्षरं बसवायची. ६० च्या लयीत ती सेकंदाला बाराच्या वेगाने म्हणावी लागतात, एवढं स्पष्ट फार थोड्यांना जमतं. लय ४० वर आणा म्हणजे सेकंदाला आठ होतील. जीभ घसरली की 'तिरकिट' आपल्या हिश्श्याबाहेर सांडतं आणि पुढचा 'तू' उशिरा येतो. तो 'तू' वेळेवर पडतो का, एवढंच ऐका.

सायली_क

रेकॉर्डिंग केलं. बाई बरोबर होत्या, हातच पळत होता. सहाव्या मात्रेच्या टिकनंतर लगेच, पुढच्या टिकची वाट न बघता टाळी ऐकू येते, आणि अकराव्यापाशी पुन्हा तेच. 'ताधिंधिं, धाधाधिं, धिंधाधा' एवढंच घोळवून म्हटलं आणि आज पूर्ण आवर्तन समेवर आलं. नवव्या मात्रेला हात आणि तोंड दोन्ही खालीवर आले तेव्हाच कळलं की आता बसणार. वसुधाताई, १८० च्या टिकवर माझे बोल पुढे-मागे होतात, म्हणजे तुमची शंकाही खरी होती. त्यावर काम करते. वजनाचं अजून ठरवलं नाही, बाईंना विचारते.

आता झपतालाकडे वळले आहे. तिथे असे चार टप्पे मिळतात का?

नादखुळा

चार नाही मिळत, समेशिवाय एकच मिळतो. झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन असे, त्यामुळे हाताच्या खंडाशी तोंडाचा खंड सगळीकडे जुळत नाही. तिसऱ्या मात्रेवर तोंडात सातवा बोल असतो आणि आठव्या मात्रेवर दुसरा, दोन्ही खंडाच्या मधले. फक्त सहाव्या मात्रेवर, खालीवर, तोंडातही सहावाच बोल येतो. पूर्ण तिगुन अशी:

१: धीनाधी
२: धीनाती
३: नाधीधी
४: नाधीना
५: धीधीना
६: तीनाधी
७: धीनाधी
८: नाधीधी
९: नातीना
१०: धीधीना

नव्या फेऱ्या चौथ्या मात्रेच्या दुसऱ्या हिश्श्यावर आणि सातव्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर सुरू होतात. 'ती' सहाव्या मात्रेच्या ठोक्यावर पडला नाही तर चौथी मात्रा तपासा.

विश्राम

आणि त्याआधी रूपकाची दुगुन करून बघा, सायली. सात मात्रांचा ताल, म्हणून दुसरी फेरी चौथ्या मात्रेच्या मध्यावर सुरू होते: तींतीं, नाधी, नाधी, नातीं, तींना, धीना, धीना. मात्रेच्या आत फेरी बदलण्याची सवय तिथे दोनच हिश्श्यांत लागते. चौथ्या मात्रेला, 'नातीं'च्या 'तीं'वर, हात हलतो का ते बघा आणि इथे लिहा.